घंटा झाल्यावर थांब

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘मैत्री’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. एवढ्या मोठ्या विषयाला हात घालायची माझी छाती नाही. म्हणून मी एका मित्राच्या एका स्टेटसबद्दल बोलणार आहे. हा मित्र आपल्या शाळेतला नाही. दहावीनंतर डिप्लोमाला गेलो तेव्हा होस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो. तो आपल्या शाळेतला असता, तर मी हे इथे बोललोच नसतो. त्याला विचारून आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून सांगतोय.

तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, गेली सहा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी मी एका हेल्पलाइनवर फोन घेतो. त्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलंय. आणि तरीही या गोष्टीतली पहिली चूक माझीच आहे.

रविवारची रात्र होती, सव्वाअकराचा सुमार. झोपण्याआधी सवयीने फोन चाळत होतो. त्याचं स्टेटस आलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं: ‘आता खरंच थकलो. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही.’ पोटात थोडं हललं. मग मनात आलं, एवढ्या रात्री कुठे फोन करायचा, उद्या सकाळी करू. फोन पालथा ठेवला आणि झोपलो.

सकाळी सात वाजता बघतो, तर कुणीतरी त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून आमच्या डिप्लोमाच्या ग्रुपवर टाकलेला. खाली, ‘याला काय झालं? कुणाला काही माहिती?’ नऊ वाजेपर्यंत चाळीसेक मेसेज. ‘काळजी घे भावा.’ ‘हेही दिवस जातील.’ जोडलेले हात. सूर्योदयाच्या चित्रावरचा सुविचार. एकाने लिहिलं, ‘वहिनींनी जेवायला दिलं नाही वाटतं,’ त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. नऊ वीसला तो ग्रुपमधून बाहेर पडला. त्याखाली एकाचा मेसेज, ‘रागावला का काय?’

यातलं कुणीही वाईट नव्हतं हे मी शपथेवर सांगतो. ज्याने विनोद केला त्यानेच कॉलेजात असताना या मित्राची परीक्षा फी भरली होती. पण साठ जणांसमोर प्रश्न विचारला की समोरच्याला दोनच वाटा राहतात. साठ जणांना घरचं सगळं सांगायचं, नाहीतर ‘काही नाही रे, सहज टाकलं होतं’ म्हणून हसून न्यायचं. आपल्या वयाचा माणूस दुसरी वाट धरतो. एकदा ‘सहज’ म्हणून बसला की दोन दिवसांनी खरं सांगणं आणखी अवघड होतं, कारण मग तो खोटाही ठरतो. इकडे ग्रुपमधल्या प्रत्येकाला वाटतं, एवढ्या जणांनी लिहिलंय म्हणजे कुणीतरी फोन केलाच असेल. मी दुपारी चारपाच जणांना विचारलं. एकानेही केला नव्हता.

इथे मला शाळेतली एक गोष्ट आठवते. नववीत माझे वडील गेले. पंधरा दिवसांनी मी वर्गात आलो. पहिला तास गणिताचा. सर आज समोर बसलेत, त्यांना आठवत असेल-नसेल. सरांनी हजेरी घेतली, माझं नाव इतरांसारखंच घेतलं, माझ्याकडे वेगळं पाहिलंसुद्धा नाही. मला बरं वाटलं. मग फळ्यावर उदाहरण लिहिता लिहिता म्हणाले, ‘घंटा झाल्यावर थांब, खडूची पेटी स्टाफरूममध्ये न्यायची आहे.’ पेटीत चार तुकडे होते. स्टाफरूमपर्यंतच्या त्या व्हरांड्यात सरांनी विचारलं, ‘घरी रात्री झोप लागते का सगळ्यांना?’ तिथे मी पहिल्यांदा रडलो. वर्गातल्या एकालाही ते कळलं नाही. पुढे हेल्पलाइनच्या प्रशिक्षणात तीन दिवस जे शिकवलं, त्यातलं अर्धं मला त्या व्हरांड्यात आधीच मिळालं होतं.

तर सोमवारी सकाळी मी आधी ॲडमिनला फोन केला. ग्रुपवर ‘असं टाकू नका’ असं लिहिलं असतं तर त्यावर आणखी तीस मेसेज आले असते. ॲडमिनला दुसऱ्याने टाकलेला मेसेजही सगळ्यांसाठी पुसता येतो. त्याने तो स्क्रीनशॉट गुपचूप पुसला आणि विनोद करणाऱ्याशी वेगळं बोलला. मग मी मित्राला लिहायला घेतलं. पहिल्यांदा ‘काय रे, सगळं ठीक ना?’ असं लिहिलं आणि खोडलं. त्या प्रश्नाला ‘हो’ हे एकच उत्तर असतं. दुसऱ्यांदा लिहिलं ते असं: ‘तुझं कालचं स्टेटस रात्रीच वाचलं होतं. तेव्हाच फोन करायला हवा होता, चुकलो. हे फक्त तुला लिहितोय, ग्रुपवर मी काही बोललेलो नाही. दहा वाजता फोन करतो. बोलायचं नसेल तर नुसतं उचल आणि ‘नको’ म्हण, मग संध्याकाळी करीन.’

निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दहाला फोन केला. उचलला नाही. दहा मिनिटांनी परत केला. उचलला.

पहिलं वाक्य त्याचं होतं. ‘अडतीस जणांनी पाहिलं रात्री. तुझंही नाव होतं त्यात.’

स्टेटस कुणी पाहिलं याची यादी टाकणाऱ्याला दिसते, हे आपण विसरतो. तो रात्री दोन वाजेपर्यंत ती यादी उघडून बघत होता. नावं वाढत होती, फोन वाजत नव्हता. मी सबब सांगितली नाही. ‘हो, पाहिलं आणि झोपलो,’ एवढंच म्हणालो. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. अशा शांततेत आपली जीभ वळवळते, काहीतरी धीराचं बोलावंसं वाटतं. बोलू नये. मिनिटभराने तोच बोलायला लागला. डाळिंबाची बाग तेल्याने गेली होती. बागेसाठी काढलेलं कर्ज, त्यात दुकानाची उधारी अडकलेली, मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. चाळीस मिनिटं मी ‘मग?’ आणि ‘हं’ याशिवाय फारसं काही बोललो नाही. कर्जाचं पुनर्गठन, विमा, व्याह्यांशी बोलणं, हे सगळं मला सुचत होतं. त्या दिवशी त्यातलं एकही काढलं नाही. त्यावर नंतर बसता येतं.

मग मी त्याला सरळ विचारलं. ‘जीव द्यायचा विचार येतो का मनात?’

हा प्रश्न विचारायला सगळे घाबरतात, सुरुवातीला मीही घाबरायचो. वाटतं, विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसेल. तसं होत नाही. याचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. विचार नसला तर माणूस ‘छे, तेवढं नाही रे’ म्हणतो. असला, तर त्याला कुणाशी तरी तो शब्द उच्चारता येतो. मात्र ‘तसलं काही वेडंवाकडं डोक्यात नाही ना?’ असं विचारू नये. त्यात आपल्याला ‘नाही’च ऐकायचंय हे समोरच्याला कळतं आणि तो तेच देतो.

तो म्हणाला, ‘येतो. गेल्या महिन्यापासून.’

पुढचा प्रश्न, कसं करायचं ते ठरवलंय का. ठरवलं होतं, आणि ते घरामागच्या फवारणीच्या औषधांच्या खोलीत होतं. इथे मला काय करायचं ते पक्कं माहीत होतं. असा टोकाचा क्षण अनेकदा थोडा वेळ टिकतो आणि त्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेत जास्त विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, त्यानंतर तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या. मी त्याला म्हटलं, ‘त्या खोलीची किल्ली आज धाकट्याकडे दे.’ तो म्हणाला, ‘त्याला काय सांगू? आणि तू कुणाला सांगणार नाहीस ना?’

या ठिकाणी ‘नाही सांगणार, शपथ’ असं तोंडातून निघून जातं. मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, ‘ग्रुपवर, मित्रांत, कुठेही हे जाणार नाही. पण तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, तर धाकट्याला आणि वहिनींना कळायला हवं. तुझ्या पाठीमागे सांगणार नाही. तू सांग, नाहीतर तू फोनवर असताना मी सांगतो.’ तो चिडला. फोन ठेवतो म्हणाला. ठेवला नाही. शेवटी भावाला हाक मारली, फोन स्पीकरवर टाकला आणि मी बोललो. भावाने खोलीला कुलूप लावलं, किल्ली घेऊन सासुरवाडीला ठेवून आला. दोन रात्री तो त्याच्या खोलीत झोपला.

त्याने दुसऱ्यांदाही फोन उचलला नसता, तर मी भावाला लावणार होतो. त्याचा नंबर शोधून ठेवला होता. स्टेटसमध्ये निरोपाची भाषा असेल, माणूस वस्तू वाटून टाकत असेल, हिशेब मिटवत असेल आणि फोन लागत नसेल, तर दहा वाजण्याची वाट बघायची नसते. जवळ राहणाऱ्याला तिथे पाठवायचं, किंवा ११२ लावायचा.

त्याच दिवशी मी त्याला टेलि-मानसचा नंबर दिला, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्याने एकट्याने लावला नाही. बुधवारी दोघांनी मिळून लावला, मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचं कळलं. गोळ्या सुरू झाल्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी दहाव्या दिवशी तो म्हणाला, ‘काही उपयोग नाही, बंद करतो.’ वहिनींनी बंद करू दिल्या नाहीत.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना उत्साह असतो, घरच्यांनाही. तिसऱ्या आठवड्यात फोन थांबतात, तेव्हा माणूस आणखी एकटा पडतो. मी फोनच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलं: दुसरा दिवस, चौथा दिवस, मग दर रविवारी रात्री सव्वाअकरा. ती वेळ मुद्दाम. बहुतेक वेळा आम्ही क्रिकेटवर बोलायचो. एकदा तो म्हणाला, ‘तुला काय, कर्तव्य म्हणून करतोस.’ मी म्हटलं, ‘हो, तसंही असेल.’ त्यावर तो पहिल्यांदा मोकळा हसला.

कर्ज अजून आहे. बाग काढून टाकली, तिथे आता ज्वारी आहे. मुलीचं लग्न झालं, साधं. तो ग्रुपवर परत आलेला नाही आणि मी त्याला ये म्हणत नाही. जे भाषण आत्ता केलं ते परवा रात्री त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘डाळिंबाच्या जागी दुसरं काहीतरी घाल, लोक ओळखतील.’ मी दुसरं पीक घालून पुन्हा वाचलं. मग म्हणाला, ‘राहू दे, डाळिंबंच ठेव. तिकडे पुष्कळांची गेलीत.’