अर्ध्या नफ्यावर सौदा का मिटवायचा?

ऑप्शन विकणाऱ्यांमध्ये एक नियम बराच रूढ आहे. विकताना जितका प्रीमियम हाती आला, त्यातला निम्मा नफा पदरात पडला की सौदा बंद करायचा, एक्सपायरीची वाट पाहायची नाही. अमेरिकेत टॉम सॉसनॉफ आणि त्यांच्या ‘टेस्टीट्रेड’ने हा नियम लोकप्रिय केला. सुमारे ४५ दिवस बाकी असताना विकायचे, अर्ध्या नफ्यावर बाहेर पडायचे आणि तसा नफा आलाच नाही तर २१ दिवस उरले असताना सौदा हातावेगळा करायचा, अशी त्याची पूर्ण मांडणी आहे. आपल्याकडे निफ्टीचे मासिक ऑप्शन विकणारेही तो पाळतात. पण ‘का?’ असे विचारले की बहुधा ‘हाव नको’ एवढेच उत्तर मिळते. हाव नसावी हे खरे, पण तेवढ्यावर अर्धाच का आणि पाऊण का नाही, हे समजत नाही. नियमामागचा हिशेब त्याहून नेमका आहे, आणि त्याच्या मर्यादाही तितक्याच नेमक्या आहेत.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. निफ्टी फ्युचर २५,००० वर आहे, एक्सपायरीला ४५ दिवस आहेत आणि ऑप्शनच्या भावात गृहीत धरलेली वार्षिक अस्थिरता, म्हणजे आयव्ही, १३ टक्के आहे. कोणी २६,२०० चा कॉल आणि २३,९०० चा पुट असे दोन्ही विकले. यालाच स्ट्रँगल म्हणतात. बाजारात पुटची आयव्ही सहसा कॉलपेक्षा जास्त असते, पण हिशेब सोपा राहावा म्हणून दोन्हीकडे १३ च धरू. ब्लॅक-शोल्सच्या सूत्राने दोन्ही मिळून सुमारे १८८ पॉइंट प्रीमियम येतो. जास्तीत जास्त नफा तेवढाच, आणि अर्धा म्हणजे ९४ पॉइंट.

आता बाजार जागेवरच राहिला आणि आयव्हीही हलली नाही असे समजा. हा ९४ पॉइंटचा नफा कधी दिसेल? ‘थीटा शेवटच्या दिवसांत सर्वांत वेगाने मिळतो’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलेले असते की उत्तर ‘एक्सपायरीच्या आठवड्यात’ असेच वाटते. ते वाक्य खरे आहे, पण फक्त बाजारभावाच्या लगतच्या स्ट्राइकपुरते. आपले स्ट्राइक हजार-बाराशे पॉइंट दूर आहेत. दूरच्या ऑप्शनची सारी किंमत ‘बाजार तिथवर पोचू शकेल’ या शक्यतेत असते आणि दिवस कमी होतात तशी ती शक्यता लवकर विरते. म्हणून पहिल्या सोळा दिवसांतच, २९ दिवस बाकी असताना, स्ट्रँगलची किंमत निम्मी होते. २१ दिवस उरले असता ती साधारण ४९ पॉइंटवर आलेली असते. म्हणजे पहिले ९४ पॉइंट सोळा दिवसांत आले, दिवसाला जवळजवळ सहा. उरलेले ९४ मिळवायला आणखी २९ दिवस थांबायचे, दिवसाला तीनच्या थोडे वर. या सगळ्या काळात अडकलेले मार्जिन मात्र साधारण तेवढेच राहते, कारण एक्स्चेंज ते जोखमीवरून ठरवते, तुम्हाला झालेल्या नफ्यावरून नाही.

कमाईचा वेग निम्मा झाला, पण धोका निम्मा झाला का? नियमाचे मर्म या प्रश्नात आहे. एक धक्का कल्पू या. निफ्टी एका झटक्यात २५,००० वरून २३,९०० वर येते, म्हणजे ४.४ टक्के पडते आणि आयव्ही १८ वर जाते. हे अतिरंजित नाही. ४ जून २०२४ ला, लोकसभा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी एका सत्रात जवळजवळ ६ टक्के घसरून बंद झाली होती. आपल्या उदाहरणात हा धक्का पहिल्याच दिवशी बसला तर स्ट्रँगल साधारण ६५४ पॉइंटचा होतो, तोटा ४६६. मिळू शकणारा नफा १८८ होता, म्हणजे मिळकतीच्या अडीचपट तोटा. तोच धक्का अर्धा नफा झाल्यानंतर बसला तर किंमत ९४ वरून सुमारे ५०० वर जाते. तिथून पुढे ९४ पॉइंट मिळवण्यासाठी ४०० हून अधिक पणाला लागलेले, म्हणजे प्रमाण सव्वाचारपट. आणि २१ दिवस उरले असताना बसला तर? मिळायचे राहिले ४९, जायची शक्यता ३७० ची, म्हणजे साडेसातपट. पडझडीची शक्यता दिवस कमी होतात तशी घटते हे मान्य. तरी वाट पाहणाऱ्याचा सौदा रोज थोडा थोडा विषम होत जातो.

म्हणून सौदा धरून ठेवायचा की नाही, हे ठरवताना जुना खरेदी-विक्रीचा भाव विसरलेला बरा. आज हाती काहीच नसते, तर हाच ऑप्शन ९४ ला नव्याने विकला असता का, असे विचारावे. धरून ठेवणे आणि आज नव्याने विकणे यांत, खर्च वगळता, काहीच फरक नाही. ‘नाही विकला असता’ असे उत्तर असेल, तर धरण्याचे कारण उरत नाही. आयव्ही अचानक उतरल्यामुळे चारच दिवसांत अर्धा नफा दिसतो, तेव्हा हे उत्तर फार स्पष्ट असते. आपण महाग झालेली अस्थिरता विकली होती, ती आता स्वस्त झाली. विकण्याचे कारणच संपले.

या नियमावर सर्वांत भारी आक्षेप गणिताचा आहे, आणि तो मला पूर्ण पटतो. ऑप्शनचा भाव रास्त असेल, तर बाहेर केव्हा पडलो याने सरासरी मिळकत बदलत नाही. लवकर बाहेर पडल्याने जिंकण्याचे प्रमाण वाढते हे नक्की. एक्सपायरीला पूर्ण नफ्यात संपणारा प्रत्येक सौदा वाटेत अर्ध्या नफ्याच्या टप्प्यावरून जातोच. शिवाय त्या टप्प्याला शिवून मग तोट्यात गेलेले सौदेही आता जिंकलेल्यांत मोजले जातात. आपल्या उदाहरणात बाजार दोन्ही स्ट्राइकच्या आतच संपण्याची शक्यता साधारण ६८ टक्के निघते. अर्ध्या नफ्याला शिवण्याची त्याहून निश्चितच जास्त. पण जिंकण्याची संख्या वाढली तशी प्रत्येक विजयाची रक्कमही निम्मी झाली. नुसत्या यशाच्या टक्केवारीवरून नियम श्रेष्ठ ठरवणारे लोक इथे फसतात. विकणाऱ्याचा खरा फायदा कुठून येतो? आयव्ही बहुतेक काळ प्रत्यक्ष अस्थिरतेपेक्षा थोडी जास्त असते, त्या फरकातून. अर्ध्या नफ्याचा नियम हा फरक निर्माण करत नाही. तो इतकेच करतो की आपला वेळ आणि मार्जिन त्या फरकाचा मोबदला चांगला असलेल्या काळात गुंतवतो, आणि खात्यातले चढउतार कमी करतो. चढउतार कमी होणे ही लहान गोष्ट मानू नये. एका मोठ्या तोट्याने भांडवल अर्धे झाले, तर ते भरून काढायला पुढे शंभर टक्के कमवावे लागतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा, तो व्यवहारातला आहे. लवकर बंद करून पुन्हा विकले की सौद्यांची संख्या वाढते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार फ्युचर-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांनी तीन आर्थिक वर्षांत केवळ व्यवहारखर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये मोजले, आणि त्यांतल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तेव्हा खर्च नगण्य आहे असे कोणी म्हणू नये. विकलेला ऑप्शन परत घेताना एसटीटी लागत नाही, तो विकणाऱ्या बाजूला लागतो. पण ब्रोकरेज, एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि बिड-आस्कमधले अंतर हे सगळे असतेच. दोन्ही ऑप्शन मिळून परत घेताना दोन-तीन पॉइंट गेले, तर ९४ पॉइंटच्या नफ्यात ते सोसवतात. मूळ प्रीमियमच दहा पॉइंटचा असेल, तर अर्ध्या नफ्याचे पाच आणि त्यातले दोन-तीन खर्चात. अर्ध्याच्या टप्प्याचा उगम इथेच आहे. पाव नफ्यावर बाहेर पडले तर खर्चाचा वाटा फार मोठा होतो, आणि पाऊण नफ्याची वाट पाहिली तर वर पाहिलेली विषमता बरीच सोसून झालेली असते. पन्नास या आकड्यात कोणतेही गूढ नाही. चाळीस किंवा साठवर बंद करणाऱ्याचे तर्कशास्त्र वेगळे नसते.

आकड्याला गूढ नसल्याची खूण म्हणजे सौदा बदलला की तो बदलतो. बाजारभावाचाच कॉल आणि पुट विकला, म्हणजे स्ट्रॅडल केला, तर किंमत उरलेल्या दिवसांच्या वर्गमुळाप्रमाणे घटते. बाजार अगदी तिथेच राहिला तरी ती निम्मी व्हायला दिवस चौथाईवर यावे लागतात, ४५ चे साधारण ११. तोवर बाजार एका आकड्यावर खिळून राहणे फार विरळा. म्हणून स्ट्रॅडल विकणारे पाव नफ्याचा टप्पा धरतात, जो स्थिर बाजारात वीस दिवसांत येतो. एक्सपायरीच्या दिवशीच विकलेल्या ऑप्शनला तर वरचा कोणताच हिशेब लागू पडत नाही. तिथे वाटेतले दिवसच नसतात. शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र लवकर बाहेर पडायला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे त्यांची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते आणि एक्सपायरी जवळ येते तसे मार्जिन चढते.

आता तोट्याच्या बाजूकडे येतो. नियम सांगणारे तिच्याबद्दल गप्प राहतात, आणि बहुतेक खाती तिथेच बुडतात. नफा ९४ वर कापला आणि तोटा मोकळा सोडला, तर आपण आपल्याच हाताने विजय लहान आणि पराजय मोठे केले. तोटा मूळ प्रीमियमइतक्या, म्हणजे १८८ पॉइंटवर थांबवला तर खर्च वगळून तीनांपैकी दोन सौदे जिंकले की बरोबरी होते. तोटा ४०८ पर्यंत जाऊ दिला, तर बरोबरीसाठीच शंभरातले ८१ जिंकावे लागतात. आणि स्टॉप-लॉसवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण रात्रीतून मोठा फरक पडला तर सकाळचा पहिला भावच त्याच्या पलीकडचा असतो. ५ फेब्रुवारी २०१८ ला अमेरिकेचा व्हीआयएक्स एका दिवसात १७ वरून ३७ वर गेला, तेव्हा अस्थिरता विकून चालणारी ‘एक्सआयव्ही’ ही नोट आपले जवळजवळ सर्व मूल्य गमावून बंद पडली. त्या झपाट्यात ठरवलेल्या भावाला बाहेर पडणे शक्यच नव्हते. म्हणून आकार लहान ठेवणे किंवा बाहेरचा एकेक ऑप्शन विकत घेऊन तोट्याला कुंपण घालणे हे अर्ध्या नफ्याच्या नियमाच्या आधी येते. अनुभवी मंडळी २१ दिवसांवर तोट्यातला सौदाही मिटवतात, तो याच विचाराने. त्यानंतर बाजार स्ट्राइकच्या जवळ असला, तर थोड्या हालचालीने किंमत फार हलते, म्हणजे गॅमा वाढतो आणि हाताशी सावरायला दिवस उरत नाहीत.

राहिला प्रश्न मोकळ्या झालेल्या मार्जिनचा. वेगाचा सगळा युक्तिवाद हे धरून चालतो की बाहेर पडल्यावर तितकाच चांगला सौदा पुन्हा मिळेल. आयव्ही १३ वरून १० वर उतरली म्हणून नफा झाला असेल, तर पुढचा ४५ दिवसांचा स्ट्रँगल त्याच स्ट्राइकवर फार कमी प्रीमियम देईल, आणि तेवढाच प्रीमियम हवा म्हणून स्ट्राइक जवळ आणणे म्हणजे सोडलेली जोखीम वाढवून परत घेणे. अशा वेळी मार्जिन रिकामे ठेवून आयव्ही वर येण्याची वाट पाहणारा विक्रेता वर्षात कमी सौदे करतो. आपण सोळा दिवसांचा जो वेग मोजला, त्याची वर्षभराची पट करून परताव्याचा आकडा सांगणाऱ्यांच्या हिशेबात हे रिकामे आठवडे धरलेले नसतात.