वाचता आले नाही, तिथे तसेच लिहा



मदत केंद्रात आपल्याकडे येणारी कागदपत्रे क्वचितच मूळ असतात. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि त्या फोटोची पीडीएफ, अशी ती येतात. वकिलांना द्यायला आपण त्यांचा गोषवारा करतो. तो करताना माझ्या हातून झालेली एक चूक आज सांगतो.

एक बाई पोटगी वाढवून मागण्यासाठी आल्या होत्या. त्यांच्याकडे एक जुना चार पानी आदेश होता, त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा. अर्जदार दोन, त्या स्वतः आणि त्यांची लहान मुलगी. तिसऱ्या पानावर, नेमक्या हुकुमाच्या ओळींवरून, घडीची काळी रेघ गेली होती.

पीडीएफमधला मजकूर निवडून मी टाइप करायच्या फाइलीत चिकटवला. ‘खर्च’चे ‘रवर्च’ झाले होते, ‘नाही’चे ‘ताही’. असले गोंधळ त्रासदायक असतात, पण घातक नसतात, कारण ते दिसतात. घातक ते, जे नीटनेटके दिसते. पुसट छपाईत ९ चा १ होतो आणि तारीख तरीही तारीखच दिसते. म्हणून चिकटवलेला मजकूर फक्त शोधाशोधीला वापरा. वाचायचे ते चित्र, पान मोठे करून, आणि प्रत्येक आकडा त्या चित्राशी ताडून.

हुकुमाची ओळ मला अशी दिसली: अर्जदार क्र. १ व २ यांना, मग काळा डाग, मग ‘रु.’, मग एक अर्धवट आकडा आणि ‘५०’. अर्धवट आकडा ४ किंवा ५. पुढे अक्षरी रक्कम होती, पण तिथेही ‘…शे पन्नास’ एवढेच उरले होते. चारशे असो की पाचशे, शेवट तोच.

मी गोषवाऱ्यात लिहिले, ‘अर्जदारांना दरमहा रु. ४५० पोटगी मंजूर.’ वाक्य कसे छान झाले बघा! डाग कुठे गेला? नक्कल उतरवताना भोक भोकच राहते. गोषवारा आपण आपल्या शब्दांत लिहितो, आणि आपली वाक्ये भोक बुजवूनच पुढे जातात. वकीलसाहेबांनी विचारले, ‘दोघींना मिळून ४५० की प्रत्येकी?’ मी गप्प. तो शब्द डागाखाली होता. मुलगी आता सासरी नांदते. रक्कम एकत्र असेल तर आईचा वाटा किती, इथूनच वाद सुरू. प्रत्येकी असेल तर तिचे ४५० पक्के, आणि वाढ तिथून मागायची.

आता ४ की ५, याला आधार होता. आदेश झाला तेव्हा या कलमाखाली महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, म्हणून एकीसाठी ५५० बसत नाही. पण न्यायालयांनी ही मर्यादा प्रत्येक अर्जदाराला वेगवेगळी धरली आहे. तेव्हा दोघींना मिळून ५५० हेही कायद्यात बसते! म्हणजे माझा ‘४’ त्या झाकल्या शब्दावरच टेकलेला होता. एका न वाचलेल्या जागेच्या भरवशावर मी दुसरी वाचली होती.

दुसऱ्यांदा लिहिले ते असे:

‘पान ३, ओळ ७: अर्जदार क्र. १ व २ यांना [अवाच्य, एक शब्द, “प्रत्येकी” किंवा “एकत्रित” असू शकेल] दरमहा रु. [४ किंवा ५]५०. अक्षरी रकमेतील पहिला शब्दही अवाच्य. आमचा तर्क: “प्रत्येकी” असल्यास ५०० च्या मर्यादेमुळे ४५० च. “एकत्रित” असल्यास दोन्ही शक्य.’

चौकटी कंसात किती गेले ते लिहा, एक अक्षर, एक शब्द की दोन ओळी. नुसती टिंबे देऊ नका, त्यांचा अर्थ वाचणारा ‘अनावश्यक म्हणून गाळले’ असा घेतो. आपला तर्क ‘तर्क’ म्हणूनच, वेगळ्या वाक्यात. आणि निकालावर परिणाम करणारी अवाच्य जागा गोषवाऱ्याच्या पहिल्या ओळीत आणा, शेवटच्या टिपेत कोणी बघत नाही. पहिल्या पानावर शिरस्तेदाराच्या शिक्क्याखाली अर्धी ओळ गेली होती. तिथे ‘शिक्क्याखाली अर्धी ओळ अवाच्य, हुकुमाशी संबंध दिसत नाही’ एवढे पुरले. सगळ्याच डागांना सारखे महत्त्व दिले तर महत्त्वाचा डाग हरवतो.

तो कागद घेऊन वकीलसाहेबांनी न्यायालयात प्रमाणित नकलेसाठी अर्ज केला. नेमकी कोणती ओळ बघायची ते ठाऊक होते. नक्कल आल्यावर आम्ही आधी तिसरे पान उघडले. ‘प्रत्येकी’ होते.