झोपायच्या आधीची नाडी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)

बायांनो, आज बचतीच्या नाही, नाडीच्या हिशेबाबद्दल बोलते.

रात्री सगळं आवरलं की अंथरुणावर पाच मिनिटं शांत पडून राहा. मग अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दोन बोटं ठेवा. अंगठा ठेवायचा नाही, त्यात स्वतःचेच ठोके लागतात. मोबाईलच्या घड्याळात 30 सेकंद बघून ठोके मोजा आणि दुप्पट करा. आठ दिवस रोज लिहा. जो आकडा पुन्हा पुन्हा येतो, तो तुमचा. शेजारणीचा 64 आणि तुमचा 76 असला तरी त्यात काही बिघडलं नाही.

आता समजा तुमचा आकडा 72 च्या आसपास आहे. मे महिना, दिवसभर वावरात पऱ्हाट्या वेचल्या, पाणी कमी प्यालं, रात्री दहाला जेवून वरून चहा घेतला आणि टिनाच्या खोलीत आडव्या झाल्या. मोजले तर 30 सेकंदांत 43, म्हणजे 86! अंग थंड करायला रक्त कातडीकडे धाडावं लागतं, पाणी कमी म्हणून रक्तही कमी भरतं, त्यात जेवण पचवायचं. काळीज धावतंच. अशा रात्री झोप उशिरा लागते आणि घडीघडी मोडते. खर्रा-तंबाखूनेही ठोके वाढतात, हे ज्यांना सांगायचं त्यांना कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी आठला जेवा, संध्याकाळनंतर चहा नको, पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, हातपाय धुऊन अंगणात झोपा. दोन-तीन रात्रींत आकडा खाली यायला लागला, तर कारण तेच होतं.

सकाळी उठण्याआधी पडल्या पडल्या पुन्हा मोजा. झोप नीट झाली की ठोके बहुधा रात्रीपेक्षा उतरतात. उतरले नाहीत आणि अंगही जड असेल, तर त्या दिवशी जड काम सकाळच्या गारव्यात उरका, उन्हाच्या वेळी सावलीत बसून बसून विसावा घ्या. मजुरीला जायचंच असतं, हे मला माहीत आहे. पण पाण्याची बाटली तरी मोठी न्या.

एका रात्रीच्या आकड्यावरून घाबरू नका. भांडण झालं, ताप आला, तरी तो वाढतो. गरोदरपणी तर वाढतोच. बीपीच्या काही गोळ्यांनी उलट कमी दिसतो, म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही.

पण खाणंपिणं, चहा सगळं सांभाळूनही आकडा कायम चढाच राहिला, चढावर दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर रक्त कमी असू शकतं. रक्त कमी असलं की तेवढीच हवा अंगाला पुरवायला काळजाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. आशाताईला सांगून उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शांत पडूनही ठोके रोज 100 च्या वर असतील किंवा मधेच चुकत असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखतं किंवा चक्कर येऊन पडायला होतं, तर मोजत बसू नका, लगेच 108 ला फोन लावा.

पुढच्या सभेला येताना आठ रात्रींचे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून आणा.