कोटेशन दीड लाखाचं, बिल दोन लाख एकेचाळीस हजारांचं

मागच्या एपिसोडनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की घराच्या आर्किटेक्टच्या बिलाचं पुढं काय झालं. आज तेच सांगतो, आणि आम्ही लिहिलेलं पत्रही वाचून दाखवतो.

आमचा प्लॉट साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला. आर्किटेक्ट सांगलीचे. आता साताऱ्यात आर्किटेक्ट नाहीत का? आहेत की. पण आमचे आण्णा सांगलीकडं शाळेत मास्तर होते आणि हे त्यांचे जुने विद्यार्थी. त्यामुळं सगळा प्रश्नच अवघड झाला. बिल हातात आल्यावर आण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "देऊन टाकू. माझ्या हाताखालचा पोरगा आहे, त्याला हिशेब कसा विचारायचा?"

सुरुवातीला त्यांनी आम्हाला एका पानाचं कोटेशन दिलं होतं. एकूण फी १,५०,००० रुपये. त्यात घराचा नकाशा, नगरपालिकेची मंजुरी, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, भोगवटा प्रमाणपत्रापर्यंतची कागदपत्रं आणि आठ साईट व्हिजिट. आठाच्या वर गेल्या तर प्रत्येकी १,५००. मंजुरीच्या आधी दोन बदल फीमध्येच धरलेले. आणि शेवटी एक ओळ, "नंतर बदल केल्यास आकार वेगळा पडेल." किती पडेल, ते लिहिलेलं नाही. जीएसटीचा उल्लेखच नाही.

बिल कसं होतं? तीन ओळींचं. व्यावसायिक फी २,०५,०००. जीएसटी १८ टक्के, ३६,९००. एकूण २,४१,९००. आम्ही तोवर १,२०,००० दिले होते, म्हणजे आमच्या डोक्यात तीस हजार बाकी. बिलात बाकी १,२१,९००.

माझा पहिला विचार होता सरळ फोन करून भांडायचा. मग मला माझंच एक काम आठवलं. मी सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याला मालाच्या नोंदीचं छोटं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. सांगितले पंचवीस हजार, बिल लावलं चौतीसचं. त्यांनी शांतपणे विचारलं, "वरचे नऊ कशाचे?" मला सहा हजारांचं सांगता आलं. उरलेले तीन हजार कशाचे, ते खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. वैतागून लावले होते. म्हणजे वाढीव बिलात बहुतेक वेळा दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, खरंच केलेलं जादा काम आणि कामाचा कंटाळा. फोनवर त्या वेगळ्या होत नाहीत. कागदावर होतात.

म्हणून पत्र लिहायचं ठरलं. करार आण्णांच्या नावावर, म्हणून पत्रही त्यांच्याच नावानं. सुरुवातीला ते "चि." लिहिणार होते. मी म्हटलं, आण्णा, चिरंजीवाला कोण बिल विचारतं? शेवटी असं झालं:

"श्री. ... यांस,
स. न. वि. वि.

आपले अंतिम बिल मिळाले. आपण घर मनापासून उभे केलेत, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र कोटेशनमधील फी १,५०,००० रुपये असून बिलातील फी २,०५,००० रुपये आहे. वाढीव ५५,००० रुपये कोणत्या कामांचे, हे बिलावरून कळत नाही. कृपया पुढील तपशील द्यावा.

प्रत्येक जादा काम कोणते, कोणत्या तारखेस केले, आमच्यापैकी कोणी सांगितले आणि त्याचा दर काय धरला. सर्व साईट व्हिजिटच्या तारखा व प्रत्येकीचे कारण. बिलावर जीएसटी आकारला आहे, पण नोंदणी क्रमांक नाही, तो कळवावा. मूळ फीत हा कर धरलेला होता की नाही, आपली समजूत काय आहे, तेही लिहावे.

तपशील पाहून जे काम आम्ही सांगितले त्याचे पैसे आम्ही देऊ. जे कोटेशनमध्येच होते ते बिलातून वजा करावे, ही विनंती. ज्याबद्दल वाद नाही ते मूळ फीचे उरलेले ३०,००० रुपये आज आपल्या खात्यावर भरले आहेत. ही रक्कम म्हणजे पूर्ण बिलास संमती समजू नये.

भोगवटा प्रमाणपत्राचे काम मूळ फीतच आहे. ते या पत्रव्यवहारासाठी थांबू नये. पंधरा दिवसांत उत्तर मिळावे. हवे तर मी सांगलीस येतो, समोर बसून बोलू."

एवढंच. स्पीड पोस्टानं पाठवलं, आणि त्याचीच पीडीएफ ईमेल आणि व्हॉट्सॲपवर.

यातल्या दोन गोष्टींवर जरा थांबतो. एक म्हणजे ते तीस हजार. मी म्हणत होतो, एक रुपया देऊ नका. आमच्या ओळखीच्या एका वकिलांनी उलटं सांगितलं. जे कबूल आहे ते थांबवलंत तर तुम्हीच पैसे बुडवणारे दिसता. आणि भरताना काहीच लिहिलं नाही तर उद्या समोरचा म्हणतो, बिल पटलं म्हणूनच भरलं. म्हणून भरायचं, पण सोबत ते एक वाक्य लिहायचं.

दुसरी गोष्ट भोगवट्याची. बांधकाम संपल्यावर पूर्णत्वाच्या दाखल्यावर आर्किटेक्टची किंवा परवानाधारक इंजिनिअरची सही लागते, त्याशिवाय नगरपालिका भोगवटा देत नाही. साहेब फोनवर एकदा सहज बोलून गेले होते, "हिशेब झाला की सहीचं बघू." आण्णांचा धीर सुटला होता तो या वाक्यानं. पत्रात आम्ही धमकी दिली नाही, फक्त ते काम मूळ फीत आहे एवढं लिहून ठेवलं.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. चांगलं दोन पानी. पंचावन्न हजारांची फोड अशी: वरच्या मजल्यावरची जादा खोली २०,०००, स्वयंपाकघराची जागा बदलली ते ९,५००, सात जादा व्हिजिट १०,५००, आणि सांगली–सातारा प्रवास, पंधरा फेऱ्या, १५,०००.

आता खोली. मी ठाम होतो की हे द्यायचं नाही, कारण लेखी काहीच नव्हतं. मग व्हॉट्सॲप वर सरकवत गेलो आणि आण्णांची व्हॉइस नोट सापडली. मंजुरी मिळाल्यानंतरची. "वर एक खोली काढूनच टाकू, पोराला कामाला होईल." पोर म्हणजे मी! मी आज जिथून बोलतोय ती हीच खोली. तिच्यासाठी नकाशा सुधारावा लागला, मंजुरी परत घ्यावी लागली, स्ट्रक्चरल गणित बदललं. दर ठरला नव्हता म्हणून काम फुकट होत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम ७० मध्ये हेच आहे: फुकट करायचा हेतू नसताना कुणी तुमच्यासाठी रीतसर काम केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. वीस हजार मान्य.

स्वयंपाकघराचा बदल मंजुरीच्या आधीचा, आणि आमचा पहिलाच. दोन बदल फीत धरलेले होते. तारखेचा ईमेल जोडला, वाद संपला. प्रवास खर्च कोटेशनमध्ये कुठंच नव्हता, आणि प्लॉट साताऱ्यात आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. व्हिजिटचा दर ठरलेला असताना प्रवास वेगळा कसा?

व्हिजिटला मात्र वेळ गेला. त्यांनी पंधरा तारखा दिल्या. मी माझ्या फोनमधल्या साईटच्या फोटोंच्या तारखांशी एकेक लावून पाहिल्या. पंधराही दिवस ते साताऱ्यात आले होते, खोटं काही नव्हतं. पण एक दिवस ते फक्त नगरपालिकेत गेले होते, साईटवर नाही. आणि दोन फेऱ्या जिन्याच्या लँडिंगची उंची ड्रॉइंगमध्ये चुकली होती ती निस्तरायला. स्वतःची चूक दुरुस्त करायच्या फेऱ्या आमच्या खात्यात कशा? पंधरातून तीन गेल्या, बारा राहिल्या. आठ फीतल्या, चार जादा. चार गुणिले दीड हजार, ६,०००.

म्हणजे फी १,७६,०००.

राहिला जीएसटी. नोंदणी नसलेल्या माणसाला हा कर वसूल करताच येत नाही, सीजीएसटी कायद्याच्या कलम ३२ मध्ये तसं आहे. म्हणून क्रमांक मागितला होता. तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. पोर्टलवर Search Taxpayer मध्ये टाकला, नोंदणी चालू होती. छापील बिलावर टाकायचा राहिला होता, बस्स. पण दीड लाखात कर धरला होता का? ते म्हणाले नाही, आम्ही म्हणालो आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दोघांचंही खरं. कागद गप्प होता.

हे मिटवायला आण्णा आणि मी सांगलीला गेलो. साहेबांनी आण्णांना खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. आण्णा म्हणाले, "बस रे, आज मी गिऱ्हाईक आहे." दीड लाखावरचा कर २७,०००, तो निम्मा निम्मा. जादा कामाच्या २६,००० वरचा ४,६८० पूर्ण आमचा. १,७६,००० अधिक १३,५०० अधिक ४,६८०, झाले १,९४,१८०. वरचे एकशेऐंशी त्यांनी सोडले. कर आत धरून त्यांनी नवं बिल केलं. दीड लाख दिलेच होते, उरलेले ४४,००० आण्णांनी तिथंच भरले.

जमलं नसतं तर? जिल्हा ग्राहक आयोग होता. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीच्या माणसाविरुद्ध साताऱ्यात. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. तिथंही पहिल्यांदा हेच पत्र दाखवावं लागलं असतं. एक लक्षात ठेवा, वकिलाच्या बिलाला हा रस्ता नाही. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही असं सुप्रीम कोर्टानं मे २०२४ मध्ये सांगितलंय.

पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही त्याच दुपारी झाली. परत येताना आण्णांनी एसटीत मला विचारलं, "तुझ्या त्या हळदवाल्याचे तीन हजार परत दिलेस का?"

दिले नव्हते. त्या रात्री दिले.