गणपतीची रजा आणि मागे ठेवलेला निरोप

२०२६ सालची गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. कोकणात जाणारा चाकरमानी म्हणजे आदल्या शनिवारी निघणार. पण आयकराच्या आगाऊ भरण्याचा दुसरा हप्ता १५ सप्टेंबरला असतो आणि दरमहा जीएसटी भरणाऱ्यांच्या ३बी विवरणपत्राची तारीख २० असते. बोरिवलीतल्या एखाद्या करसल्लागाराच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने बाप्पा यंदा बरोबर अडचणीच्या आठवड्यात येतात. तो गावी निघतो आणि ईमेलवर एक निरोप ठेवून जातो. पुढचे आठ-नऊ दिवस त्याच्या नावाने हा निरोपच बोलत राहतो.

घाईत लिहिलेला असा निरोप बहुधा या धर्तीचा असतो: ‘मी १२/९ ते २०/९ गावी जाणार आहे. आल्यावर उत्तर देईन. तातडीचे काम असल्यास ऑफिसमध्ये संपर्क साधावा.’

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरीही मुद्रितशोधकाने लाल पेन उचलावं, असं यात बरंच आहे.

आधी काळ पाहू. निरोप शुक्रवारी संध्याकाळी लिहिला जातो आणि वाचला जातो मंगळवारी, गुरुवारी. लिहिणाऱ्याला अजून निघायचं असतं, म्हणून तो ‘जाणार आहे’ लिहितो. मंगळवारी वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की हे गृहस्थ अजून मुंबईतच आहेत का. क्रियापद वाचणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे हवं: ‘रजेवर आहे.’ भविष्यकाळ उरतो तो परतण्यापुरता, आणि त्यालाही तारीख लागते. ‘आल्यावर उत्तर देईन’ यात कधी येणार ते नाही आणि उत्तर कधी मिळणार तेही नाही. सोमवारी रुजू होणाऱ्याच्या टपालात आठवड्याचा ढीग असतो. तेव्हा ‘बुधवार, २३ सप्टेंबरपर्यंत उत्तर देईन’ हे ‘आल्याबरोबर उत्तर देईन’पेक्षा खरं ठरतं.

आता तारखा. समजा या कचेरीचे एक अशील न्यू जर्सीत राहतात, बोरिवलीतला त्यांचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे १२/९ म्हणजे त्यांच्या लेखी ९ डिसेंबर. पुढचा २०/९ मात्र त्या पद्धतीत बसत नाही, कारण विसावा महिना नसतो, आणि तिथे त्यांच्या लक्षात येतं. रजा १२ तारखेच्या आतच सुरू होऊन संपणारी असती, तर हा आधारही मिळाला नसता. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं की हा घोळ मुळातच होत नाही.

तारखेला वारही जोडावा. वार हा तारखेवरचा पहारेकरी आहे. गेल्या वर्षीचा निरोप उचलून त्यात दुरुस्त्या करण्याची सवय सगळीकडे आहे, आणि गणपतीच्या बाबतीत ती विशेष घातक. २०२५ची चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. २०२६मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ती अठरा दिवस पुढे गेली. जुन्या मजकुरातली एखादी तारीख बदलायची राहिली, तर तिच्यासोबतचा वार कॅलेंडरशी जुळत नाही आणि चूक उघडी पडते.

‘२०पर्यंत’ म्हटल्यावर विसावा दिवस रजेत धरायचा की नाही, यावरही लोकांचं एकमत नसतं. ‘सोमवार, २१ सप्टेंबरला कामावर येईन’ हे एक वाक्य तो वाद मिटवतं.

संपर्काची ओळ सगळ्यात कच्ची राहते. ‘ऑफिसमध्ये संपर्क साधावा’ म्हणजे कोणाशी? नाव हवं, काम हवं आणि त्या व्यक्तीने होकार दिलेला हवा. गणपतीत निम्मी कचेरी गावी असते. दोन सहकाऱ्यांनी एकमेकांची नावं दिली आणि दोघेही रजेवर गेले, तर अशील या निरोपातून त्या निरोपात फिरत बसतो. शिवाय १४ तारखेला सुट्टी, म्हणून ‘सोमवार ते शनिवार फोन करा’ हेही त्या आठवड्यापुरतं खोटं. मंगळवारपासून म्हणायला हवं. मुंबईचा दूरध्वनी क्रमांक ०२२ने सुरू होतो, पण परदेशातून लावताना ते शून्य गळतं आणि +९१ २२ लागतं. वेळ दिली तर ‘भारतीय वेळेनुसार’ हे दोन शब्दही द्यावेत. आणि क्रमांक पाठांतरावरून तपासू नये. पडद्यावर जसा छापला आहे तसाच एकदा लावून पाहावा.

दुरुस्त मजकूर असा होईल: ‘हे स्वयंचलित उत्तर आहे. मी शनिवार, १२ ते रविवार, २० सप्टेंबर २०२६ रजेवर आहे. सोमवार, २१ सप्टेंबरला कामावर येईन. या काळात ईमेल पाहणार नाही. १५ सप्टेंबरचा आगाऊ कर आणि २० सप्टेंबरचे जीएसटी विवरणपत्र याबाबत...’ आणि पुढे सहकाऱ्याचं नाव, क्रमांक, वार, वेळ. ‘गावी’ हा शब्द काढला आहे. घराला कुलूप आहे, हे अनोळखी माणसाला कळवण्याचं काहीच कारण नाही.

‘हे स्वयंचलित उत्तर आहे’ हे पहिलं वाक्यही उगाच घातलेलं नाही. २००८ साली वेल्समधल्या स्वान्झी शहरात, अवजड वाहनांना बंदी घालणारी पाटी इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत लावायची होती. नगरपालिकेने मजकूर अनुवादासाठी ईमेलने पाठवला. लगेच वेल्शमध्ये उत्तर आलं. कोणालाच वेल्श येत नसावं, कारण ते उत्तर जसंच्या तसं पाटीवर रंगवलं गेलं. त्याचा अर्थ होता: मी सध्या कार्यालयात नाही, अनुवादाचं काम पाठवून द्या. अनुवादकाची चूक शोधली, तर एवढीच सापडते की वाचणाऱ्याला समजेल त्या भाषेत तीच गोष्ट त्याने पुन्हा सांगितली नव्हती. आपल्या बोरिवलीच्या कचेरीतही अर्धे अशील गुजराती, काही तामिळ. मराठीखाली इंग्रजी मजकूर हवाच. आणि तो दुसऱ्यांदा तपासावा, कारण तारखा वर बदलतात आणि खाली तशाच राहतात.

यंत्राचेही आपले नियम आहेत. जीमेलमध्ये Vacation responder पहिल्या दिवसाच्या मध्यरात्री सुरू होतो आणि शेवटच्या दिवसाच्या अखेरीस थांबतो. म्हणून शेवटचा दिवस २० भरायचा, २१ नाही. एकाच माणसाला तो दर पत्राला उत्तर देत नाही. चार दिवसांनी पुन्हा पत्र आलं तर देतो. मात्र मधेच मजकूर बदलला, तर आधी उत्तर मिळालेल्यांनाही, त्यांनी पुन्हा लिहिल्यास, नवं उत्तर जातं. आउटलुकमध्ये संस्थेतल्या आणि बाहेरच्या लोकांसाठी दोन वेगळे चौकोन असतात. एक सुधारला आणि दुसऱ्यात गेल्या वर्षीचा ऑगस्ट राहिला, असं सर्रास घडतं. लिहिणाऱ्याला ते दिसत नाही, कारण शेजारच्या टेबलावरून पाठवलेल्या चाचणीच्या पत्राला आतलाच मजकूर मिळतो. तेव्हा शनिवारी निघण्यापूर्वी, निरोप सुरू झाल्यावर, एक पत्र कचेरीतून आणि एक घरच्या खात्यावरून पाठवून दोन्ही उत्तरं फोनवर वाचावीत. आउटलुकमध्ये मुदतीची खूण केलेली नसेल, तर २१ तारखेला कामावर आल्यावर पहिलं काम तो निरोप हाताने बंद करण्याचं.