पाहुण्यांना बोलावताना पत्रात काय लिहायचं?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गिऱ्हाइकाला काय हवं ते आधी लिहून घेतलं नाही, तर शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची झोप उडते, हे मी नोकरीत शिकलो. कार्यक्रमाच्या बाबतीत तेच शिकायला मला एका ज्येष्ठ शिक्षकांना मनस्ताप द्यावा लागला.

आम्ही त्यांना फोनवर बोलावलं. "सर, शिक्षणावर बोला. हॉल भरलेला असेल, दीडशे-दोनशे तरी." सर स्वतःच्या खर्चानं 150 टिपणांच्या झेरॉक्स घेऊन आले. हॉलमध्ये 22 जण होते, त्यातले 6 आपलेच कार्यकर्ते. प्रास्ताविक, सत्कार आणि दोन मनोगतं यांत पाऊण तास गेला. सरांच्या वाट्याला 15 मिनिटं आली. ते रागावले नाहीत, उरलेला गठ्ठा उचलून रिक्षात बसले. त्या दिवसापासून निमंत्रणाचं पत्र मीच लिहितो.

आता यापेक्षा कितीतरी मोठं उदाहरण सांगतो. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं आपल्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावलं. संतराम यांचं पत्र 12 डिसेंबर 1935 चं आहे. बाबासाहेब आधी तयार नव्हते, मग राजी झाले. परिषद 1936 च्या ईस्टरच्या सुट्टीत व्हायची होती, ती पुढे मे महिन्यावर गेली. भाषण छापायचं कुठे, यावरही पत्रव्यवहार झाला. मंडळाला ते लाहोरला छापायचं होतं, बाबासाहेबांनी ते मुंबईत छापायला घेतलं. एप्रिलमध्ये मंडळाचे हरभगवान मुंबईला आले. मजकूर पाहिल्यावर मंडळाकडून पत्र आलं: धर्मग्रंथांबद्दलचा काही भाग विषयाला सोडून आहे, तो काढा. 27 एप्रिलच्या उत्तरात बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. ते भाषण त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलं. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'.

यात कोण बरोबर होतं, हा आजचा विषय नाही. बोलावणाऱ्याच्या बाजूनं बघा. मंडळाला बाबासाहेबांचे विचार माहीत नव्हते असं नाही. येवल्याची घोषणा ऑक्टोबर 1935 मध्येच झाली होती. पण विषयाची हद्द कुठे संपते आणि भाषणाच्या मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा, या दोन गोष्टींचा वाद भाषण छापायला गेल्यावर निघाला. ज्या वक्त्याचं पूर्ण म्हणणं ऐकायची आपली तयारी नाही, त्याला बोलावू नये. आणि बोलावलं तर पत्रातच लिहावं की मांडणी तुमची, आम्ही मजकूर तपासणार नाही.

आता आपलं एक पत्र घेऊ. 26 नोव्हेंबर 2023 ला संविधान दिन रविवारी आला होता. आम्हाला एका वकील बाईंना बोलवायचं होतं. पहिल्या मसुद्यात विषय होता 'संविधान आणि आपण'. हा विषय कोणालाही देता येतो, म्हणून वक्ताही कुठलंही जुनं भाषण घेऊन येतो. आम्ही बदलून लिहिलं: 'कलम 14 ची समानता आणि कलम 25 चं धर्मस्वातंत्र्य: दोन्ही एकत्र कसं वाचायचं?' खाली दोन ओळी जोडल्या, की मुलं-मुली हा प्रश्न कॉलेजात रोज ऐकतात आणि उत्तर देता येत नाही. आम्ही त्यांना का बोलावतोय, हे त्या दोन ओळींतून त्यांना कळलं.

मग श्रोते. व्हॉट्सॲपवर 'येतो' म्हणणाऱ्यांना मोजू नका. आमच्या सह्यांच्या वहीप्रमाणे 10 जण 'येतो' म्हणाले की 4 येतात. त्या वेळी दीडशे होकार होते. आम्ही पत्रात लिहिलं: "अंदाजे 60 श्रोते, वय 18 ते 25, निम्म्या मुली, बहुतेक कॅम्प आणि कोंढव्यातल्या. कायद्याचे विद्यार्थी दोन-तीनच. भाषा मराठी, उर्दू शब्द चालतील." आकडा लहान दिसला तर पाहुणे येणार नाहीत, ही भीती मलाही होती. बाईंनी फोन केला तो वेगळ्याच कारणानं: "60 च आहेत ना? मग भाषण कमी करते, प्रश्न जास्त घेऊ." 58 जण आले.

तारीख आणि वेळ लिहिताना वारही लिहा, म्हणजे चूक पकडली जाते. आम्ही आधी साडेपाचला भाषण ठेवलं होतं. नोव्हेंबरअखेरीस पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे ऐन भाषणात मगरिबची वेळ. काही जण उठून गेले असते आणि बाईंना वाटलं असतं, आपलंच काही चुकलं. म्हणून असं लिहिलं: "5.30 ला नोंदणी आणि प्रास्ताविक, 5.55 ते 6.15 नमाज आणि चहा, 6.15 ते 6.50 आपलं भाषण, 6.50 ते 7.20 प्रश्नोत्तरं. याशिवाय दुसरं भाषण नाही." ईद मिलनची तारीख तर चंद्रावर असते. तिथे 'ईदनंतरचा रविवार' असं मोघम लिहू नका. ईद एक दिवस मागेपुढे झाली तरी चालेल अशी लांबची तारीख धरा आणि तीच पक्की कळवा.

शेवटी व्यवस्था. बाई कोथरूडला राहतात, कार्यक्रम कॅम्पमध्ये. "4.30 ला गाडी घ्यायला येईल, परत सोडेल. सभागृह पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, 22 पायऱ्या. प्रोजेक्टर आहे. मानधन 2,000 रुपये, त्याच दिवशी. व्हिडिओ करू का, कृपया कळवावं." लिफ्ट नाही हे लिहायला लाज वाटते, पण गुडघे दुखणाऱ्या पाहुण्याला ते दारात कळलं तर जास्त लाज वाटते. मानधन देता येत नसेल तर तेही साफ लिहा. 'यथाशक्ती' म्हणजे किती, हे पाहुणा विचारू शकत नाही.

पत्राच्या पहिल्याच वाक्यात भूमिका सांगा. प्रमुख पाहुणे, वक्ते आणि अध्यक्ष हे तीन वेगळे मान आहेत. अध्यक्ष शेवटी बोलतात आणि पूर्ण वेळ बसतात. प्रमुख पाहुण्यांना पाच मिनिटंच असतील तर तसं लिहा, नाहीतर ते तासाची तयारी करून येतात. तळाशी एकाच कार्यकर्त्याचं नाव-नंबर आणि उत्तराची तारीख द्या. आम्ही चार आठवडे आधी पत्र दिलं आणि दहा दिवसांत उत्तर मागितलं. नकार आला असता तर दुसऱ्या वक्त्याला विचारायला अडीच आठवडे उरले असते. पोस्टरवर नाव मात्र होकार लेखी आल्यावरच टाकलं.

हे करूनही माणसं कमी येतील, पाऊस पडेल, आयत्या वेळी काहीतरी बदलेल. बदललं की त्याच दिवशी पाहुण्यांना कळवा, मग ते फक्त खुर्च्या कमी करण्याबद्दल असलं तरी.

मघाशी सांगितलेल्या सरांना मागच्या वर्षी मी पुन्हा पत्र लिहिलं. "श्रोते 25, वेळ 40 मिनिटं, दुसरं भाषण नाही." ते आले. बरोबर 25 झेरॉक्स आणल्या होत्या, एकही उरली नाही.