वॉकीटॉकीवरचा बाकमित्र

भाषण मला जमत नाही. एक छोटी गोष्ट सांगतो.

दोन बाकमित्र. एक पुण्यात, दुसरा टोरांटोत. बावीस वर्षं बोलणं नाही. वर्गाच्या ग्रुपवर नंबर मिळाला, पण फोन करून बोलणार काय? म्हणून एकाने ‘वी वर हिअर’ हा दोघांचा खेळ सुचवला. (फुकट मिळतो, हेही कारण असेल!)

बर्फातला किल्ला. पुणेकर ग्रंथालयात, टोरांटोकर खोल्याखोल्यांतून फिरणारा. एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. हाती फक्त वॉकीटॉकी. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याने ऐकायचं. भिंतीवरचं चिन्ह शब्दांत सांगायचं, दुसऱ्याने ते आपल्याकडच्या चिन्हांत शोधायचं.

“दोन काड्या, वर गाठ.”

“तशी तीन आहेत.”

पहिल्या फेरीत टोरांटोकर मेला. दुसऱ्या फेरीत म्हणाला, “भूमितीच्या बाईंचा मोडका कंपास आठवतो? एक पाय आखूड?”

“सापडलं!”

दार उघडलं. मग बराच वेळ कुणीच बटण दाबलं नाही.

“काका गेल्याचं ग्रुपवर वाचलं रे.”

“हो. मार्चमध्ये.” थोडं थांबून, “पुढच्या खोलीत काय दिसतंय, सांग.”